व्हेपने श्वासनलीला सूज येते का?

"माझा भाऊ सिगारेट सोडून व्हेप ओढायला लागलाय. म्हणतो, यात धूरच नाही, छातीला काही होत नाही. खरंय का? आम्ही विट्याचे."

निम्मं खरं आहे. तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जवळपास जात नाही. हा फायदा मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण श्वासनली सुजायला धूरच लागतो असं नाही.

मी मिरजेत छातीच्या ओपीडीत टेक्निशियन आहे. आमच्याकडे ब्रॉन्कोस्कोपी करताना दुर्बिणीतून फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात सलाइन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. त्या पाण्यात कुठल्या पेशी किती आहेत, ते मोजता येतं. व्हेपवाल्यांचंही असं पाणी तपासलंय. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठातून 2020 साली आलेल्या अभ्यासात त्यांच्या फुप्फुसातली सूज न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आणि सिगारेटवाल्यांपेक्षा कमी, अशी मधेच भरली.

त्याआधी 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी त्याच पाण्यात इलास्टेज मोजलं. ते मात्र व्हेपवाल्यांमध्ये सिगारेटवाल्यांइतकंच वाढलेलं निघालं. फुप्फुस फुगून परत आकसतं ते इलास्टिनच्या तंतूंमुळे, आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधलं हे इलास्टेज नेमके तेच तंतू तोडतं. शरीरात त्याला आवर घालणारं अँटिट्रिप्सिन असतं. इलास्टेज वर्षानुवर्षं वरचढ राहिलं की एम्फिसीमाची, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटून दम लागणाऱ्या आजाराची, वाट मोकळी होते. प्रयोगशाळेत पेशींवर नुसतं निकोटिन घातलं तरी त्या अशी एन्झाइम्स बाहेर सोडतात, असंही त्याच लोकांना दिसलं. म्हणजे धूर गेला तरी निकोटिन आहेच.

आता यात खोटही आहे. असे अभ्यास थोड्याच माणसांवर झालेत, आणि व्हेप ओढणारे बरेचसे आधी सिगारेट ओढायचे, त्यामुळे जुनं नुकसान कुठलं आणि नवं कुठलं हे वेगळं काढणं अवघड जातं. वीस-तीस वर्षं फक्त व्हेप ओढलेली माणसं अजून तपासायला मिळालेलीच नाहीत.

भावाला दोन गोष्टी विचारा. दिवसातून एखादी सिगारेट अजून चालू आहे का? बऱ्याच जणांची असते, आणि मग बदलाचा फायदा फार उरत नाही. दुसरं, ओढताना कधी जळका, घशाला झोंबणारा स्वाद येतो का? व्हेपमधला द्रव संपत आला की तो तापवणारी कॉइल कोरडी तापते आणि द्रवातल्या ग्लिसरीनपासून ॲक्रोलिन तयार होतं. सिगारेटच्या धुरात श्वासनलीला जाळणारं जे असतं, त्यातलंच हे एक. शिवाय 2019 पासून आपल्याकडे व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे चोरून मिळणाऱ्या बाटलीत काय आहे याला कोणी जबाबदार नाही. निकोटिनच हवं असेल तर मेडिकलमधला पॅच किंवा गम बरा, तो निदान श्वासनलीतून जात नाही.

आणि स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून त्याला निर्धास्त होऊ देऊ नका. फुंकून करायच्या त्या तपासणीत नळ्या अरुंद झाल्या की मगच आकडा पडतो, सुरुवातीची सूज तिच्यात दिसत नाही.