भाडं थकल्याची नोटीस आली, पण पावत्या आहेत

प्रश्न : "पुण्यात जुन्या वाड्यात वडिलांपासून भाडेकरू आहोत, भाडं महिना ६०० रु. मालकांच्या वकिलांची नोटीस आलीय : एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चं सगळं भाडं, ७२०० रु., थकलंय, ते भरा नाहीतर जागा सोडा. जानेवारीपर्यंतच्या दहा पावत्या आहेत. फेब्रुवारीचं यूपीआयने दिलं. मार्चचं त्यांनी घेतलंच नाही. उत्तरात काय लिहू?"

आधी प्रत्येक पावतीवर 'माहे' पुढे काय लिहिलंय ते पाहा. पावतीची तारीख जुलैची असली तरी 'माहे मे २०२४' लिहिलं असेल, तर ती मे महिन्याचीच. मालक बरेचदा 'ते पैसे जुन्या बाकीत वळते केले' असं म्हणतात. पण पैसे कोणत्या महिन्याचे हे देताना सांगितलं असेल आणि त्यांनी ते घेतले असतील, तर करार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे ते त्याच महिन्यात धरावे लागतात. मात्र एखाद्या पावतीवर 'मागील बाकीपोटी' असं असेल, तर ती या दहांत मोजू नका. तुमच्या वकिलांना वेगळी दाखवा.

'थकबाकी नाही' एवढं एक वाक्य लिहून भागत नाही. महिना, पावती क्रमांक, तारीख आणि रक्कम असा तक्ता उत्तरातच द्या. दहा महिन्यांचे ६००० रु. तिथे मिटतात. फेब्रुवारीसमोर यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहा, बँकेचा उतारा जोडा आणि त्या रकमेची पावती मागा. भाडं घेऊन पावती न देणं हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली मालकाचाच दोष आहे.

उरतात मार्चचे ६०० रु. इथे लोक चुकतात. मालकांनी नाकारलं म्हणून गप्प बसतात आणि मग तोच एक महिना दाव्याचा आधार होतो. तेव्हा असं लिहा :

"माहे मार्च २०२५ चे भाडे आम्ही देऊ केले असता आपल्या अशिलांनी ते स्वीकारले नाही. सदर रक्कम मनीऑर्डरने पाठवीत आहोत. भाडे देण्यास आम्ही सदैव तयार होतो व आहोत. नोटिशीतील थकबाकीचा मजकूर आम्हांस नाकबूल आहे."

मनीऑर्डर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आली, तर ते कागद जपून ठेवा, तो तुमचा पुरावा. पुढच्या महिन्यांचं भाडंही असंच पाठवत राहा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थकबाकीच्या कारणावरून दावा लावता येत नाही, म्हणून हे सगळं त्या मुदतीत व्हायला हवं. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत देय भाडं १५ टक्के व्याजासह कोर्टात भरण्याची आणखी एक संधी असते.

उत्तर पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. पावत्यांच्या छायाप्रतीच जोडा, अस्सल पावत्या कुणाच्याही हातात देऊ नका.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी हे उत्तर उचलू नये, त्यांना कलम १५ चं संरक्षण नाही.