सांगलीहून पुण्याला, तिथून विमान

ताई, दीड वर्षाच्या लेकराला नेताना आधी झोपेचं बघा. सांगली-पुणे गाडीत चार-पाच तास जातात. पोर तिथेच झोप काढतं आणि विमानात टक्क जागं राहतं. आमचंही तसंच झालं. साताऱ्यापर्यंत झोपू द्या, पुढे गाणी म्हणत जागं ठेवा.

दूध आधीच पाजून संपवू नका. उतरायच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागतं, तेव्हा कानात दडे बसतात. पोर कान ओढत रडलं तर तो हट्ट नसतो, ओरडू नका. घोटघोट पाजा, गिळलं की कान मोकळे होतात.

खाऊला साधे चुरमुरे न्या, एकेक वेचण्यात वेळ जातो. भडंग नको, शेंगदाणा घशात अडकतो.