पगाराची स्लिप ठीक, पासवर्ड कशाला?

"ताई, नव्या कंपनीची ऑफर आली. आता कुठल्या तरी एजन्सीचा मेल आलाय, जुन्या नोकरीचं सगळं मागतात. पीएफचा पासवर्डसुद्धा. हे खरं असतं का? नाही दिलं तर ऑफर जाईल का?"

मेल तिच्या फोनवर आम्ही दोघींनी मिळून वाचला. एम्प्लॉयी कोड, हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या ३ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, जुन्या एचआरचा ईमेल. इथपर्यंत काहीच वावगं नाही. कंपन्या उमेदवाराच्या जुन्या नोकरीची ही तपासणी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात आणि त्याआधी उमेदवाराची सही असलेलं संमतिपत्र घेतात. पीएफ खात्याचा यूएएन नंबरही मागतात, कारण पीएफच्या नोंदीत कुठे, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते दिसतं.

अडलं ते पुढच्या ओळीवर: 'यूएएन पासवर्ड द्या, ओटीपी आला की फोनवर सांगा.' पासवर्ड आणि ओटीपी हातात आला की समोरचा तुमच्या नावाने खात्यात शिरतो, आणि त्या खात्यात तुमची बचत असते. नोकरीचा पुरावा द्यायला त्याची गरजच नाही.

मी तिला मेलमधल्या नंबरवर फोन करू दिला नाही. ऑफर लेटर देणाऱ्या एचआरचा नंबर तिच्याकडे मुलाखतीपासून होता, तो लावला. एजन्सी त्यांचीच निघाली. तिने विचारलं, "पासवर्डऐवजी सर्व्हिस हिस्ट्री चालेल का?" "चालेल की," एवढंच उत्तर आलं. तिने पीएफच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करून ते पान सेव्ह केलं आणि पाठवलं. आधार मागितलं होतं, तिथे शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार दिलं. (याच मेलमध्ये 'परत मिळणारं व्हेरिफिकेशन शुल्क' मागितलं असतं, तर पैसे पाठवू नकोस, सरळ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार कर, असं मी सांगितलं असतं.)

सर्व्हिस हिस्ट्रीचं पान उघडल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. ४ महिन्यांची एक नोकरी तिने बायोडेटात लिहिलीच नव्हती, आणि ती तिथे स्पष्ट दिसत होती. खरी भीती बहुतेक हीच होती. मी म्हणाले, आजच एचआरला कळव, त्यांना एजन्सीकडून कळण्याआधी. तिने दोन ओळी लिहिल्या: काम पटलं नाही म्हणून सोडलं, तारखा अशा अशा. संध्याकाळी उत्तर आलं, फॉर्ममध्ये तेवढी भर घाला.

एक रकाना तिने मुद्दाम अडवून ठेवला. सध्याच्या मॅनेजरच्या नंबरापुढे लिहिलं, 'राजीनामा मंजूर झाल्यावरच संपर्क साधावा.' असं लिहिणारे पुष्कळ असतात, आणि एजन्सीला त्याची सवय असते.