नोकरीची जाहिरात: कोणाला न डावलता कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या डाळ मिलला काट्यावर नोंदी करायला माणूस पाहिजे. मागच्या खेपेला ‘होतकरू तरुण मुलगा, स्वतःची गाडी आवश्यक’ असं लिहिलं, चारच अर्ज आले. कसं लिहू?

उत्तर: ‘तरुण’, ‘मुलगा’ आणि ‘गाडी’ या तीन शब्दांनीच अर्धा तालुका बाहेर ठेवला. ‘मुलगा’ तर कायद्यातही बसत नाही. वेतन संहिता 2019 भरतीत लिंगावरून भेद करायला मनाई करते.

माणूस कसा हवा ते सोडा, काम काय ते लिहा. गाडी कशाला मागितली होती? वेळेवर पोचायला ना? मग वेळ लिहा आणि ती एसटीला जुळते का ते आधी बघा. वजनाचं काम म्हटलं की बायका पोतं उचलावं लागेल असं धरून चालतात, म्हणून तेही स्पष्ट करा:

‘काट्यावर तुरीचं वजन नोंदवणे, पावती लिहिणे. पोती उचलण्याचं काम नाही. मराठी लिहिता-वाचता आणि हिशेब यावा, संगणक शिकवू. स्त्री-पुरुष, कोणत्याही वयाचे प्रौढ, अपंग व्यक्ती अर्ज करू शकतात. वेळ 10 ते 6. पगार दरमहा रु. ____. फोन करा किंवा मिलवर या.’

पगाराचा आकडा भराच. ‘योग्यतेनुसार’ वाचून दूरच्या गावचा माणूस तिकिटाचे पैसे घालवत नाही.

आणि नुसतं व्हॉट्सअॅपवर टाकू नका, तिथे तुमच्याच ओळखीचे लोक असतात. बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवायला सांगा, आजूबाजूच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा.