संभाजीला आणखी एक 'जी' कशाला?

प्रश्न : फौंड्रीत आहे, कस्टमरला मेल लिहायला लागतात. 'डिअर संभाजी' लिहू, 'मिस्टर पाटील' लिहू का 'संभाजीजी'? चेन्नईच्या पार्टीला काय? आणि शेवटी काय लिहायचं?

काहीही लिहा पण 'संभाजीजी' तेवढं लिहू नका. हल्ली शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत जो तो 'तानाजीजी', 'शिवाजीजी' करत सुटलाय, हिंदी मेल वाचून वाचून लागलेली खोड आहे ही. अहो, त्या नावात 'जी' बारशालाच बसलाय, संभा अधिक जी. आता त्यावर 'राव' चढतो, संभाजीराव म्हटलं की कान तृप्त होतात, पण जी वर जी चढत नाही. 'राव' म्हणजे राजाचा झिजलेला अवतार, राजा, मग राय, मग राव, आणि आपण तर तो 'बस की राव' म्हणून चहाच्या टपरीवर पण वाटतो, ते सोडा.

खरी मजा 'जी'ची आहे. काही पंडित छातीठोक सांगतात की 'आर्य'चं प्राकृतात 'अज्ज' झालं, त्याचं 'अजी' आणि पुढचा अ गळून 'जी'. मला हे साफ नामंजूर. आर्य-अज्ज या घराण्यातनं मराठीत आले ते आपले आजा आणि आजी, आणि त्यांनी पुढचा स्वर टाकला तर नाहीच, उलट लांबवला. मग याच एका शब्दाला स्वर टाकायची एवढी कसली घाई? 'जी' आलाय 'जीव'मधनं, म्हणजे 'जगा, दीर्घायुषी व्हा'. पुरावा पाहिजे तर ओडिशा-बंगालकडची देवळं बघा, गोपीनाथ जिउ, मदनमोहन जिउ असं लिहितात, त्या 'जिउ'त जीव अजून धडधडीत दिसतो. आणि आपल्या लग्नपत्रिकेतला 'चि.' म्हणजे चिरंजीव, तो याच जीवाचा. म्हणजे धाकट्याला नावाच्या पुढं 'चि.' आणि थोरल्याला नावाच्या मागं 'जी', आशीर्वाद एकच, फक्त जागा बदलली. हे एकदा डोक्यात बसलं की आर्यवाल्यांचं स्पष्टीकरण अगदीच कोरडं वाटायला लागतं.

हां, मेल. आपल्यात मान नावाच्या मागं लागतो आणि कुठला मान कुठल्या नावाला हे ठरलेलं आहे. राव पहिल्या नावाला, साहेब आडनावाला, म्हणून संभाजीराव किंवा पाटील साहेब. 'पाटीलराव' कोण म्हणत नाही. इंग्रजी मेलमध्ये 'मिस्टर पाटील' बरोबर, पण एका कंपनीत चार पाटील असले तर सरळ 'मिस्टर संभाजी पाटील' लिहा, काही बिघडत नाही. नुसतं 'डिअर पाटील' मात्र नको, ते हजेरी घेतल्यासारखं वाटतं. हे बऱ्याचदा मुद्दाम होत नाही, यादीत नाव 'पाटील संभाजी दत्तात्रय' असं आडनाव आधी असतं आणि कॉम्प्युटर पहिला शब्द उचलतो. पन्नास जणांना एकदम मेल टाकायच्या आधी तो कॉलम डोळ्यांखालनं घाला. 'डिअर संभाजी' त्यानं स्वतः तुम्हाला नुसत्या नावानं लिहिल्यावर, आधी नाही.

बायकांना 'श्रीमती' लिहिताना जपून. सरकारी कागदावर ते सरसकट चालतं, पण आपल्याकडच्या जुन्या माणसांना त्यात विधवाच ऐकू येते. 'स्नेहा मॅडम' लिहा, लग्नाची चौकशी टळते.

चेन्नईचं गणित वेगळं. समजा सहीत 'एस. कार्तिकेयन' आहे. कार्तिकेयन हे आडनाव नव्हे, ते त्याचं स्वतःचं नाव, आणि 'एस.' बहुतेक वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर. तमिळ लोकांत पुष्कळांना आडनावच नसतं. म्हणून 'मिस्टर कार्तिकेयन' हाच तिथला पूर्ण मान, त्याला फार सलगी झाली असं वाटणार नाही. काही जण 'कार्तिकेयन एस.' असं अक्षर मागं लिहितात, तिथं आपला माणूस शेवटचं ते आडनाव समजून 'मिस्टर एस.' लिहून मोकळा होतो. सुटं अक्षर पुढं असो वा मागं, ते सोडायचं आणि लांब नाव धरायचं. राव-बिव तिथं लावू नका.

शेवट काय, इंग्रजीत 'रिगार्ड्स' पुरे. मराठी पत्राला 'आपला विश्वासू', आणि कास्टिंगच्या रेटवरनं भांडण चालू असताना 'लोभ असावा' लिहू नका, टोमणा वाटतो. खाली सही करताना स्वतःच्या नावाला 'श्री.' लावणारे पण बघितलेत मी! स्वतःचं नाव नुसतं लिहायचं, आधी नाव मग आडनाव, म्हणजे समोरच्याला तुम्हाला काय म्हणायचं ते तिथंच कळतं.