फोटोतले ४ एचपी आणि मोटरवरचे २ एचपी

प्रश्न : जाहिरातीतला फोटो बघून बाबांसाठी जुनी ट्रेडमिल २८ हजारांना घेतली. बघायला गेले नाही, टेम्पोनं मागवली. विकणारे चॅटवर म्हणाले होते, ‘४ एचपी मोटर आहे, दोनच वर्षं वापरलीय.’ बारा दिवस झाले, दहा मिनिटं चालवली की मोटर तापून बंद पडते. मेकॅनिकनं कव्हर उघडलं तर मोटरवर २ एचपी लिहिलंय, मशीन २०१८ची आहे. ते म्हणतात, ‘फोटो बघूनच घेतलीत ना, आता परत नाही.’ पैसे मिळतील का?
– एक वाचक, पुणे

ताई, आधी एक काम करा. आजपासून ट्रेडमिल वापरणं बंद करा आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही म्हणून मी ही स्वीकारत नाही’ असं विकणाऱ्याला लेखी कळवा. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदतीत नकार न कळवता वस्तू ठेवून घेतली, की ती स्वीकारली असं धरलं जातं. एकदा स्वीकारली की बहुतेक वेळा वस्तू परत करून सगळे पैसे मागता येत नाहीत, फक्त नुकसानभरपाई मागता येते. बारा दिवसांत अजून उशीर झाला नाही, असं माझं मत आहे. मात्र बाबा रोज त्यावर चालत राहिले तर तुमची बाजू लंगडी होईल. आणि ते धूड तुम्ही टेम्पोत घालून पोचवायचं नाहीये. कलम ४३ नुसार नकार कळवला की पुरे, न्यायचं काम त्यांचं.

आता मोटरकडे येऊ. तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी मोठे करून शेजारी ठेवले. जाहिरातीतल्या फोटोत पुढच्या कव्हरवरचं स्टिकर दिसतं, त्यावर ‘४.० एचपी’ आहे आणि फोटोची कड नेमकी त्याच्या खाली संपते. तुम्ही घरी काढलेल्या फोटोत त्याच स्टिकरवर खालच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘पीक’ असं आहे. पीक म्हणजे क्षणभर मिळणारा जास्तीत जास्त जोर. मशीन सलग किती ओढेल ते ‘कंटिन्युअस’ आकड्यावरून कळतं, आणि तो मोटरच्या पट्टीवर असतो. तुमच्या पट्टीवर १८० व्होल्ट डीसी, १० अँपिअर, २ एचपी असं आहे. १८० गुणिले १० म्हणजे १,८०० वॉट. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, म्हणून ४ एचपीला २,९८४ वॉट लागतात. मोटरनं घेतलेली सगळी वीज एक थेंबही वाया न घालवता कामाला लावली, तरी ती सलग अडीच एचपीसुद्धा देऊ शकत नाही. हा गुणाकार नोटिशीत जसाच्या तसा लिहा. त्यावर वाद घालायला जागा नाही.

कायद्याच्या भाषेत ही ‘वर्णनावरून विक्री’, कलम १५. वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे, ही या विक्रीतली गर्भित अटच आहे. ‘फोटो बघूनच घेतलीत’ या वाक्यानं ते स्वतःचीच अडचण करून घेतायत, कारण फोटो आणि चॅट हेच वर्णन होतं. ते असंही म्हणतील की मॉडेल नंबर शोधला असता तर खरा आकडा तुम्हाला सहज कळला असता. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये तसा एक अपवाद आहे खरा. पण तो अजाणता झालेल्या चुकीच्या कथनाला आणि कपटाच्या मौनाला लागू होतो. माहीत असून अर्धं स्टिकर कापलं असेल तर ती सक्रिय लपवालपवी आहे, तिला त्या अपवादाचा आसरा नाही. कापलं मुद्दाम की फोटोच तसा निघाला, हे मात्र सिद्ध करावं लागेल. म्हणून त्यांना विचारा, मूळ फोटो पाठवता का? नकार आला तर तोही जपून ठेवा.

एक कच्चा दुवा आधीच सांगतो. पट्टा कोरडा असला तरी मोटर तापते. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल नसेल तर घर्षण वाढतं, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि मशीन बंद पडतं. ‘तुम्ही तेल घातलं नाही, आमचा काय दोष?’ हे उत्तर ठरलेलं आहे. म्हणून मेकॅनिकला पुन्हा बोलवा, विकणाऱ्यालाही वेळ कळवा. तेल घालण्याआधी आणि घातल्यावर, माणूस वर चालत असताना क्लॅम्प मीटरनं अँपिअर मोजून घ्या. आकडे, तारीख आणि सही त्याच्या लेटरहेडवर हवी. तेलानंतर मशीन नीट चाललं, तर तापण्याची तक्रार सोडून द्या. एचपीची तक्रार तरीही उभी राहते.

‘२०१८ची मशीन’ या मुद्द्यावर जरा सांभाळून. दोन वर्षं वापरलेली आणि दोन वर्षांची जुनी, यांत फरक आहे. वायर आत शिरते तिथे सांगाड्यावर सिरियल नंबर असेल, तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन पहिल्या विक्रीची तारीख मागा. ती हातात येईपर्यंत वयाबद्दल खोटेपणाचा आरोप करू नका.

किती मागायचे? पहिली मागणी पूर्ण २८ हजार आणि टेम्पोभाडं, ट्रेडमिल त्यांनी न्यावी. ते जमलं नाही तर पर्याय म्हणून किमतीतला फरक. तो ठरवताना छापील एमआरपी धरू नका, ती किंमत दुकानात कोणी देत नाही. जुनी जिमची मशीन घेणाऱ्या-विकणाऱ्या तिघांना मोटरच्या पट्टीचा, सिरियल नंबरचा, पट्ट्याच्या कडांचा आणि चालू मशीनचा व्हिडिओ पाठवून लेखी भाव मागा. समजा मधला भाव ११ हजार आला आणि सांगितल्यासारखी मशीन २८ हजारांचीच असती, तर फरक १७ हजार. त्यात मेकॅनिकचा खर्च मिळवा.

दाद कुठे मागायची ते विकणारा कोण यावर ठरतं. घर बदलताना एखादी वस्तू विकणाऱ्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात टिकाव लागणं कठीण. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करा. त्याला कोर्ट फी लागत नाही, आणि एवढ्या रकमेसाठी दिवाणी दाव्यापेक्षा तो बरा. पण त्याच नंबरवरून आणखी ट्रेडमिल, सायकली विकायला लागल्यात का बघा. माझ्या एका अशिलाच्या प्रकरणात ‘बदली झाली म्हणून विकतोय’ म्हणणाऱ्याच्या चार जाहिरातींत मशीनमागे तीच निळी टाईल होती. तसं निघालं तर तो व्यापारी ठरतो, आणि जुना मालही ‘माल’च असतो. मग पुण्यातच, तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

पोलिसांकडे लगेच धावू नका. फसवणुकीचा गुन्हा ठरायला हेतू सुरुवातीपासून होता हे दिसावं लागतं, आणि नुसता एचपीचा फरक तेवढं दाखवत नाही.

जाहिरात ते आता काढून टाकतील. आजच तिचे पत्ता आणि तारीख दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट आहे तो फोन बदलू किंवा रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्या पुराव्याला जोडावं लागेल, त्यात त्याच फोनचा तपशील भरायचा असतो.