अनरिमार्केबल म्हणजे ‘दिसलं नाही’ नव्हे

प्रश्न: आईचा पोटाचा सीटी स्कॅन केला. रिपोर्टमध्ये पॅनक्रियाज, स्प्लीन, अपेंडिक्स अनरिमार्केबल असं लिहिलंय. म्हणजे नीट दिसलं नाही का? स्कॅन परत काढावा लागेल? डॉक्टर सोमवारी भेटणार आहेत, तोवर झोप नाही.

नाही हो, नीट दिसलंय. दिसलं आणि बघून त्याबद्दल लिहावं असं काही सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी डॉक्टर नाही, पण एका सीटी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करायचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे हा शब्द मी किती वेळा बडवला असेल त्याला गणती नाही आणि काउंटरवर येऊन हाच प्रश्न विचारणारे लोकही भरपूर बघितलेत.

गडबड होते ती शब्दामुळेच. आपण रिमार्केबल म्हणजे एकदम भारी असं शिकलेलो असतो, मग अनरिमार्केबल म्हणजे काहीतरी कमी, यथातथा असं वाटतं. रेडिओलॉजिस्टचा रिमार्क मात्र शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखा असतो आणि तिथे शेरा मिळणं ही तक्रारच असते. ते एका ठरलेल्या क्रमाने प्रत्येक अवयव बघत जातात, लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, किडन्या, मग आतडी, शेवटी मूत्राशयाकडे, आणि बघताना मनात एकच चाललेलं असतं की आकार नेहमीसारखा आहे ना, कड गुळगुळीत आहे ना, आजूबाजूला सूज किंवा पाणी नाही ना. खटकलं तर ते सेंटीमीटर-मिलिमीटरसकट लिहायचं, नाही खटकलं तर अनरिमार्केबल म्हणून पुढे जायचं. आमच्या एक मॅडम त्याच ठिकाणी सरळ नॉर्मल म्हणायच्या आणि संध्याकाळचे सर अनरिमार्केबल, आणि दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की पेशंटला वाटायचं सकाळपेक्षा संध्याकाळी तब्येत बिघडली.

ते सर नॉर्मल का म्हणत नाहीत हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, नॉर्मल म्हटलं की मी त्या अवयवाची हमी दिल्यासारखं होतं, मी तर फक्त त्याचं चित्र बघितलंय.

आता जे खरंच दिसत नाही त्याला रिपोर्टमध्ये वेगळे शब्द असतात. नॉट व्हिज्युअलाइज्ड म्हणजे दिसलंच नाही. ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस म्हणजे आतड्यातला गॅस मध्ये आल्यामुळे झाकलं गेलं, हे सोनोग्राफीत फार होतं. सबऑप्टिमल म्हणजे चित्र मनासारखं आलं नाही, पेशंट हलला वगैरे. तुम्ही लिहिलेल्या ओळीत यातलं काही नाहीये.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते माझ्या भाच्याच्या वेळी घरातच बघितलं. वय 24, रात्री अचानक उजवीकडे खाली ओटीपोटात कळा सुरू, उलटी, घाम, आणि ताईने तेवढ्यात अपेंडिक्स फुटणार हे जाहीर करून टाकलं. आधी सोनोग्राफी झाली, त्यात अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड. म्हणजे उत्तर मिळालंच नाही, असेल किंवा नसेलही. लघवीच्या तपासणीत रक्तपेशी आल्या म्हणून खड्याचाही संशय होता, मग डॉक्टरांनी सीटी सांगितला. त्यात आलं की अपेंडिक्सची जाडी 5 मिलिमीटर, भोवतीची चरबी स्वच्छ, अनरिमार्केबल. आणि चार ओळी खाली, उजव्या मूत्रनलिकेत, अगदी मूत्राशयात शिरते त्या तोंडाशी, 4 मिलिमीटरचा खडा, त्याच्या वरची नळी थोडी फुगलेली.

ताई अनरिमार्केबल वाचून रडायला लागली की आताही दिसलं नाही. खरं म्हणजे त्या अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ तीच होती. अपेंडिक्स सुजलं की जाड होतं, साधारण 6-7 मिलिमीटरच्या वर गेलं की डॉक्टरांचा संशय वाढतो, आणि सीटीत भोवतीची चरबी जी एरवी एकसारखी काळपट दिसते ती धुरकट होते, मळलेल्या काचेसारखी. इथे दोन्ही नव्हतं. म्हणजे डॉक्टरांना पडलेल्या दोन प्रश्नांपैकी ऑपरेशनवाला प्रश्न त्या एका शब्दाने मागे पडला आणि कळा का येतायत त्याचं कारण खडा म्हणून वेगळं सापडलं. खडा त्या तोंडाशी अडकला की दुखणं खाली जांघेपर्यंत जातं आणि सारखी लघवीला लागते, हे त्याला होतंच, फक्त अपेंडिक्सच्या गोंधळात कोणी विचारलं नव्हतं.

पण एक सांगतो, हा शब्द फक्त त्याच्या वाक्यातल्या अवयवापुरता असतो. पॅनक्रियाज अनरिमार्केबल म्हणजे अख्खा रिपोर्ट क्लीन असं नाही, भाच्याच्या रिपोर्टमध्ये सात-आठ ठिकाणी अनरिमार्केबल होतं आणि खडा पण होता. म्हणून सगळ्यात खाली इंप्रेशन नावाचा भाग असतो तो आधी वाचा, काही सापडलेलं असेल तर त्याचं सार तिथे असतं.

आणि दुसरं, तो शब्द त्या तपासणीला जे दिसू शकतं त्याबद्दलच बोलतो. आईला जेवल्यावर जळजळ, वरच्या पोटात दुखणं असलं काही असेल आणि जठर अनरिमार्केबल आलं असेल, तरी आतल्या अस्तरावरचा छोटा अल्सर सीटीत सहसा कळत नाही, त्याला तोंडातून दुर्बीण घालूनच बघावं लागतं. तसंच स्कॅन शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन केला की प्लेन, हे रिपोर्टच्या वरच्या भागात टेक्निकखाली लिहिलेलं असतं ते बघून ठेवा. प्लेनमध्ये खडे पांढरे चकचकीत उठून दिसतात पण लिव्हरमधली बारीकशी गाठ आजूबाजूच्या लिव्हरच्या रंगात मिसळून जाऊ शकते. म्हणून दुखणं चालूच असेल तर सोमवारी डॉक्टरांना हेच विचारा की या स्कॅनमध्ये काय काय दिसणार नव्हतं. दुखणं वाढलं, ताप आला, उलट्या थांबेनात तर मात्र सोमवारची वाट बघू नका, रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो, कारण स्कॅन हा त्या दिवसाचा फोटो आहे, अपेंडिक्सची सूज अगदी सुरुवातीला असेल तर तेव्हा दिसलीही नसेल.

भाच्याला गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि लघवी गाळून बघायची म्हणाले, एवढे बारीक खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. पाचव्या दिवशी चहाच्या गाळणीत तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा आला, तो त्याने काडेपेटीत घालून डॉक्टरांना नेऊन दाखवला. गाळणी ताईने त्याच दिवशी फेकून दिली.